रेकॉर्डिंग मध्येच तुटलं आणि एमपीफोर फाईल चालत नाही: काय तपासायचं, कधी दुरुस्त होते आणि कधी नाही

माझ्याकडे लग्न-मुंज-गॅदरिंगच्या शूटिंगचं आणि एडिटिंगचं काम असतं, त्यामुळे ही तक्रार वरचेवर येते. फोनची बॅटरी संपली, कॅमेरा अडॉप्टरवर होता आणि लाईट गेली, कोणीतरी रेकॉर्डिंग चालू असतानाच कार्ड काढलं, नाहीतर फोन हँग होऊन रीस्टार्ट झाला. कारण कुठलंही असो, फाईल तीच, एमपीफोर किंवा एमओव्ही, आणि ती चालत नाही. दर वेळी फोनवर समजावण्यापेक्षा सगळं एकदा लिहून काढतोय.

आधी लक्षणं बघा

फाईल दिसते, साईज चांगली मोठी दिसते, दोन-तीन जीबी वगैरे, पण थंबनेल नाही, नुसता करडा चौकोन. कालावधी शून्य दाखवतो किंवा दाखवतच नाही. फोनच्या गॅलरीत "व्हिडिओ प्ले होऊ शकत नाही" येतं, विंडोजवर `0xc00d36c4` हा कोड येतो, व्हीएलसी उघडतं आणि काहीच न दाखवता लगेच थांबतं. एडिटिंग सॉफ्टवेअर तर इंपोर्टच करत नाही. हे सगळं जुळत असेल आणि त्याच कार्डवरच्या बाकीच्या फाईल नीट चालत असतील, तर तुमचा प्रॉब्लेम बहुतेक हाच आहे.

थोडी वेगळी लक्षणं असतील तर प्रकरण वेगळं असतं. आवाज येतोय पण चित्र काळं, किंवा विंडोज `0xc00d5212` म्हणतंय, तर फाईल खराब नाही, तुमच्या कॉम्प्युटरवर एचईव्हीसी या व्हिडिओ फॉरमॅटचा कोडेक, म्हणजे तो उलगडणारं सॉफ्टवेअर, नाही, व्हीएलसीमध्ये चालून जाईल. व्हिडिओ सुरू होतो आणि मध्ये एका जागी चौकोन चौकोन फुटतात, तर बहुतेक कार्ड खराब व्हायला लागलंय. या दोन्हीला खालची दुरुस्ती लागू नाही, उगाच वेळ घालवू नका.

असं का होतं, हे समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे

एमपीफोर फाईलमध्ये मुख्य दोन भाग असतात. एक `mdat`, ज्यात खरा माल असतो, म्हणजे चित्राच्या फ्रेम आणि आवाजाचे तुकडे एकामागे एक लिहिलेले. दुसरा `moov`, म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका असते तसा: कुठली फ्रेम फाईलमध्ये कुठे सुरू होते, किती बाइटची आहे, किती वेळ दाखवायची, आवाज कुठल्या फॉरमॅटमध्ये आहे, चित्र उलगडायला लागणारी सेटिंग काय, हे सगळं त्यात. आता रेकॉर्डिंग चालू असताना एकूण किती फ्रेम होणार हे कॅमेऱ्याला माहीत नसतं, म्हणून तो `moov` सगळ्यात शेवटी, तुम्ही स्टॉप दाबल्यावर लिहितो. स्टॉप दाबायच्या आधीच करंट गेला की `mdat` कार्डवर राहतो आणि `moov` लिहिलाच जात नाही. माल आहे पण कुठे काय आहे ते सांगणारं काही नाही, म्हणून प्लेअर हात टेकतो.

यातून एक सरळ गोष्ट निघते. दुरुस्ती म्हणजे हरवलेला `moov` नव्याने तयार करणं. माल कार्डवर उतरलाच नसेल तर जगातलं कुठलंच सॉफ्टवेअर तो तयार करू शकत नाही, मग जाहिरातीत काहीही लिहिलेलं असू दे.

पहिलं, फुकटचं: काही करायचं थांबा आणि कॉपी काढा

त्या कार्डवर किंवा त्या फोनवर नवीन रेकॉर्डिंग करू नका. कार्ड रीडरमध्ये टाकल्यावर विंडोज "स्कॅन अँड फिक्स" विचारतं, तिथे नाही म्हणा, कारण ते फाईल सिस्टिम नीट करायच्या नादात अर्धवट फाईलचे तुकडे उचलून वेगळ्या नावाने टाकतं किंवा सोडून देतं. एसडी कार्डला बाजूला लॉकची पट्टी असते ती खाली करा, मग फाईल कॉम्प्युटरवर कॉपी करा, आणि पुढचे सगळे प्रयोग कॉपीवर. कॉपी होतानाच एरर आली किंवा एका ठिकाणी येऊन स्पीड शून्य झाला तर कार्डच जातंय, तिथेच थांबा, खाली प्रोफेशनलबद्दल लिहिलंय ते वाचा.

कॉपी झाल्यावर साईज बघा, आणि ती खरोखर पटते का बघा. त्याच सेटिंगवर काढलेली एखादी चांगली फाईल घ्या, तिची साईज भागिले सेकंद केलं की एका सेकंदाला किती एमबी लागतात ते कळतं. मग खराब फाईलच्या साईजला त्याने भागा, म्हणजे आत किती सेकंदांचा माल असायला हवा ते आलं, त्याला ६० ने भागलं की मिनिटं. हा आकडा लिहून ठेवा, पुढे दुरुस्ती खरी झाली की नुसती दिसायला झाली हे याच आकड्यावरून कळणार आहे.

साईज शून्य असेल तर खाली वेगळं लिहिलंय. आणि अँड्रॉइड फोनवर फाईल दिसतच नसेल तर घाबरू नका, फाईल मॅनेजरमध्ये लपलेल्या फाईल दाखवायचं सेटिंग चालू करा आणि `DCIM/Camera` मध्ये `.pending-` ने सुरू होणारं नाव शोधा. अँड्रॉइड ११ पासून लिहून पूर्ण न झालेली फाईल अशा नावाने लपून बसते, आणि सिस्टिम अशा फाईल साधारण आठवड्याभरात आपोआप उडवते, म्हणून हे त्याच दिवशी करा, पुढच्या रविवारी निवांत बघू असं नको.

दुसरं, हेही फुकट: कार्ड त्याच कॅमेऱ्यात परत घाला

कॉपी हातात आली की मगच हे. बॅटरी पूर्ण चार्ज करा, कार्डचं लॉक काढा, ज्या कॅमेऱ्याने रेकॉर्डिंग केलं त्याच कॅमेऱ्यात घाला आणि चालू करून पाच-दहा मिनिटं नुसतं ठेवा. गोप्रो आणि डीजेआयचे ड्रोन अर्धवट फाईल ओळखून स्वतः दुरुस्त करायला घेतात, बाकीही बरेच कॅमेरे विचारतात. कॅमेऱ्याने स्वतः केलेली दुरुस्ती सगळ्यात चांगली असते, कारण फाईल कशी लिहिली जाते हे त्याला नेमकं माहीत असतं, आपल्याला अंदाज बांधावा लागतो. फक्त फॉरमॅट करू का विचारलं तर नाही म्हणा, आणि चाचणी म्हणून रेकॉर्डचं बटण चुकूनही दाबू नका.

कॅननच्या कार्डवर अशा वेळी `.DAT` आणि सोनीच्या काही कॅमेऱ्यांत `.RSV` अशी फाईल उरते. तिचं नाव बदलून `.mp4` केलं की चालेल असं बरेच जण सांगतात, नाही चालत, आत `moov` नाहीच आहे. पण तीच तुमची खरी फाईल आहे, बावळट नाव दिसतंय म्हणून डिलीट करू नका.

तिसरं: खरंच `moov` नाही का, आणि आत माल आहे का

एफएफएमपेग हे व्हिडिओ हाताळायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्याच्यासोबत फाईलची माहिती दाखवणारं `ffprobe` येतं. कमांड एवढीच:

```
ffprobe -hide_banner kharab.mp4
```

`moov atom not found` आलं तर निदान पक्कं. त्याऐवजी व्हिडिओ-ऑडिओची नीट माहिती आली, तर `moov` जागेवर आहे आणि प्रॉब्लेम कोडेकचा किंवा प्लेअरचा आहे, पुढे वाचू नका. `ffmpeg -i kharab.mp4 -c copy` करून दुरुस्त होतं असं खूप ठिकाणी लिहिलेलं सापडेल, ते `moov` नसताना चालतच नाही, कारण एफएफएमपेगला स्वतःलाच फाईल वाचता येत नाहीये. तसंच व्हीएलसीमधली दुरुस्तीची सोय एव्हीआय फाईलसाठी आहे, एमपीफोरला तिचा उपयोग नाही, आणि नाव बदलून `.avi` करायची युक्ती तर निव्वळ वेळ घालवणं आहे.

आता मालाची तपासणी. यासाठी मी जी सगळ्यात सोपी गोष्ट करतो ती म्हणजे फाईल झिप करून बघायची. व्हिडिओ आधीच दाबलेला डेटा असतो, तो झिप करून जवळपास काहीच कमी होत नाही, ३ जीबीची झिप ३ जीबीच्या आसपासच राहते. पण कधीकधी फोन किंवा कॅमेरा जागा आधीच अडवून ठेवतो आणि प्रत्यक्षात तिथे काही लिहायच्या आत बंद पडतो, मग फाईलमध्ये नुसते शून्य भरलेले असतात, आणि शून्य झिपमध्ये दाबून काहीच उरत नाही. ३ जीबीची झिप २०-३० एमबी आली तर आत काही नाही, खेळ संपला. ३ जीबीची २ जीबी आली तर साधारण दोन तृतीयांश माल आहे, उरलेली जागा रिकामी, तेवढं मिळू शकतं. ज्यांना हेक्स एडिटर वापरता येतो त्यांनी मधली कुठलीही जागा उघडून बघावी, सगळीकडे `00` दिसतंय की उलटसुलट आकडे दिसताहेत. मी तरी आधी झिपच करतो, कारण समोरच्या माणसाला फोनवर सांगता येतं आणि त्याला ते घरबसल्या जमतं.

बनावट कार्डाचंही इथेच कळतं. ३२ जीबीचं कार्ड १२८ म्हणून विकलेलं असतं, साईज सगळी नीट दिसते, पण खऱ्या मर्यादेपुढचं सगळं हवेत जातं. अशी फाईल कुठल्याच उपायाने परत येत नाही.

चौथं: खरी दुरुस्ती, `untrunc`

`untrunc` हे फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, विंडोजसाठी बटणांची खिडकी असलेलं व्हर्जनही मिळतं. त्याला दोन फाईल लागतात: तुमची खराब, आणि त्याच उपकरणाने काढलेली एक चांगली. चांगल्या फाईलच्या `moov` मधून ते व्हिडिओचं सेटिंग, आवाजाचं सेटिंग, फ्रेम कशा लिहिल्या जातात हे शिकतं आणि मग खराब फाईलच्या `mdat` मधून पायरी पायरीने चालत जातं, ही फ्रेम इथून इथपर्यंत, पुढे आवाजाचा तुकडा, परत फ्रेम, असं करत नवीन यादी बनवतं.

```
untrunc changli.mp4 kharab.mp4
```

नवीन फाईल त्याच फोल्डरमध्ये तयार होते, नावात `_fixed` असतं, मूळ फाईलला हात लागत नाही.

आता यश-अपयश नव्वद टक्के त्या चांगल्या फाईलवर ठरतं, हे मी मनापासून सांगतो, लोक इथेच गडबड करतात. तोच फोन किंवा तोच कॅमेरा हवा, तसलाच दुसरा नको. रिझोल्यूशन तेच, फ्रेम रेट तोच, कोडेक तोच, म्हणजे एक एच२६४ आणि दुसरी एचईव्हीसी असं नको. फोन आडवा-उभा, मागचा कॅमेरा-पुढचा कॅमेरा, हेही तेच ठेवा. आणि फाईल मूळ हवी. व्हॉट्सॲपवर पाठवलेली चालत नाही कारण व्हॉट्सॲप ती नव्याने बनवतं, एडिट केलेली चालत नाही, क्लाउडवर कमी साईजमध्ये साठवून परत उतरवलेली चालत नाही. नसेल तर आजच त्याच सेटिंगवर दोन मिनिटं नवीन शूट करा, पण दुसऱ्या कार्डवर. फोनवरच अडकलेली फाईल असेल तर तिची कॉपी बाहेर काढल्यावरच नवीन शूट करायचं. पाच सेकंदाची क्लिप देऊ नका, शिकायला पुरेसा माल मिळत नाही, दोन मिनिटं असू देत आणि त्यात हालचाल आणि आवाज दोन्ही असू देत.

मध्येच `premature end` सारखा मेसेज येऊन छोटीशीच फाईल बनली तर दोन शक्यता असतात. एक, चांगली फाईल जुळत नाहीये, दुसरी देऊन बघा. दोन, मध्ये एक तुकडा त्याला ओळखता आला नाही आणि ते तिथेच थांबलं. तेव्हा `-s` लावून चालवा, म्हणजे न ओळखलेला तुकडा ओलांडून ते पुढे जायचा प्रयत्न करतं:

```
untrunc -s changli.mp4 kharab.mp4
```

आवाजाचा भाग नेहमी जास्त त्रास देतो, त्याचं कारण आहे. व्हिडिओच्या प्रत्येक तुकड्याच्या आधी त्याची लांबी लिहिलेली असते, त्यामुळे उडी कुठे मारायची ते कळतं. एमपीफोरमधल्या एएसी आवाजाच्या तुकड्यावर अशी लांबी लिहिलेली नसते, ती `moov` मध्येच होती आणि तीच गेली. म्हणून सॉफ्टवेअरला तिथे अंदाजाने शोधावं लागतं, आणि कधी चित्र छान येतं पण आवाज खरखरतो किंवा मध्ये मध्ये तुटतो. चांगल्या कॅमेऱ्यात आवाज पीसीएममध्ये, म्हणजे न दाबलेला, असेल तर हा त्रास फारसा होत नाही.

एक केस सगळी सांगतो, म्हणजे आकडे कसे वापरायचे ते कळेल

एका ओळखीच्या घरी आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. नातवाने फोन ट्रायपॉडवर लावून सगळा कार्यक्रम एकाच रेकॉर्डिंगमध्ये घेतला, ओवाळणं, आजोबांचं बोलणं, सगळं, आणि शेवटी बॅटरी संपून फोन बंद पडला. फाईल ३.४ जीबी, चालत नाही. घरात दुसऱ्या कोणी आजोबांचं बोलणं घेतलेलं नव्हतं त्यामुळे सगळे फारच अस्वस्थ होते.

`ffprobe` ने `moov atom not found` सांगितलं. झिप केली तर साईज जवळपास तेवढीच राहिली, म्हणजे माल पूर्ण होता, मला तिथेच निम्मा धीर आला. मग त्याच फोनवर त्याच दिवशी काढलेली दोन मिनिटांची एक चांगली फाईल होती, १०८०पी, ३० फ्रेम, साईज २५५ एमबी. २५५ भागिले १२० म्हणजे सेकंदाला २.१२५ एमबी. ३४०० भागिले २.१२५ म्हणजे १६०० सेकंद, २६ मिनिटं ४० सेकंद. घरचे म्हणत होते साधारण अर्धा तास झाला असेल, म्हणजे हिशोब जुळला.

नातवाने आधी घरी स्वतः प्रयत्न केला होता पण व्हॉट्सॲपवरून आलेली क्लिप चांगली फाईल म्हणून दिली होती, त्यातून काही सेकंदांचा हिरवा-गुलाबी कचरा निघाला आणि त्याला वाटलं आता काही होत नाही. मूळ फाईल दिल्यावर `untrunc` ने काही मिनिटांत पूर्ण फाईल बनवली. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ, आणि सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळलेले. पण शेवटाकडे गेल्यावर चित्र पुढे आणि आवाज मागे, चांगला १८ सेकंदांचा फरक. व्हिडिओची लांबी २६ मिनिटं २० सेकंद आली होती आणि आवाजाची २६ मिनिटं ३८ सेकंद.

हे फोनच्या फाईलमध्ये फार वेळा होतं आणि लोक याला अपयश समजून फाईल टाकून देतात, म्हणून नीट सांगतो. फोन ३० फ्रेम म्हणतो पण अंधूक उजेडात तो फ्रेम रेट थोडा खाली आणतो, कधी २९.५, कधी २९.८, कुठली फ्रेम किती वेळ दाखवायची हे तो `moov` मध्ये लिहितो, आणि ती यादीच गेलेली आहे. `untrunc` चांगल्या फाईलवरून सगळ्या फ्रेम सारख्या ३० च्या चालीने लावतं, म्हणून व्हिडिओ भराभर संपतो. आवाजाचं तसं नाही, एएसीचा एक तुकडा म्हणजे १०२४ सॅम्पल, ४८ हजारच्या रेटला साधारण २१ मिलिसेकंद, त्यात कमी-जास्त होत नाही. म्हणून आवाज तुटलेला नसेल तर आवाजाची लांबी खरी धरायची आणि व्हिडिओला तिच्याइतकं ताणायचं. १५९८ भागिले १५८० म्हणजे १.०११४.

```
ffmpeg -itsscale 1.0114 -i kharab_fixed.mp4 -i kharab_fixed.mp4 -map 0:v:0 -map 1:a:0 -c copy julleli.mp4
```

यात चित्र नव्याने बनत नाही, फक्त वेळ ताणली जाते, त्यामुळे क्वालिटी जात नाही आणि काम मिनिटभरात होतं. नंतर सुरुवात आणि शेवट दोन्ही जुळले, मधल्या एका भागात थोडासा फरक राहिला, कारण फ्रेम रेट सगळीकडे सारखाच कमी झाला नव्हता. समईच्या उजेडातला भाग आणि ट्यूबलाईटमधला भाग वेगळे होते. एडिटिंगमध्ये त्या दोन भागांच्या सांध्यावर कट मारून आवाज जरासा सरकवला, झालं. शेवटचे काही सेकंद मिळाले नाहीत, ते फोनच्या मेमरीतच होते आणि स्टोरेजवर उतरायच्या आत फोन बंद पडला. ते कधीच मिळत नाहीत, ही अपेक्षा सुरुवातीलाच सोडून द्या.

लांबी ताडायचं काम विसरू नका. हिशोबाने २६ मिनिटं ४० येत होती आणि मिळाली २६:३८, म्हणून ही दुरुस्ती पूर्ण. तुमच्या हिशोबाने २६ येतायत आणि दुरुस्त फाईल नऊ मिनिटांची निघाली, ती चालतेय म्हणून खूश होऊन मूळ फाईल डिलीट करू नका, सतरा मिनिटं अजून आत पडलेली आहेत.

साईज शून्य असेल तर

कॅमेऱ्याच्या कार्डवर फाईल शून्य बाइट दिसते तेव्हा बऱ्याचदा माल कार्डवर असतो, फक्त फाईल बंद न झाल्यामुळे यादीत साईज लिहायची राहून जाते. अशा वेळी आधी पूर्ण कार्डची इमेज, म्हणजे कार्डची जशीच्या तशी नक्कल एका फाईलमध्ये, काढायची आणि त्या इमेजवर फोटोरेक हे हरवलेल्या फाईल शोधणारं सॉफ्टवेअर चालवायचं, तेही फुकट आहे, मिळालेलं सगळं दुसऱ्या डिस्कवर साठवायचं. तिथून जी फाईल निघते तिलाही `moov` नसतोच, म्हणून ती परत `untrunc` मधून न्यावी लागते. कार्ड नव्याने फॉरमॅट करून मग सलग एकच रेकॉर्डिंग केलं असेल तर चांगलं निघतं, कारण माल एका ओळीत असतो. जुन्या फाईल डिलीट करत करत वापरलेलं कार्ड असेल तर तुकडे इकडे तिकडे विखुरलेले असतात आणि फोटोरेकला ते जोडता येत नाहीत. जे कॅमेरे मुख्य फाईलसोबत छोटी प्रीव्ह्यूची फाईलही लिहितात त्यांच्यात दोन्हींचे तुकडे एकमेकांत मिसळतात, तिथेही माझा अनुभव वाईटच आहे.

फोनच्या आतल्या स्टोरेजवर शून्य बाइट असेल तर थांबा. आजचे अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही स्टोरेज एन्क्रिप्ट करतात, आणि यादीतून सुटलेला डेटा बाहेरून वाचता येत नाही. "रूट करून काढून देतो" असं कोणी म्हणालं तर फोन त्याच्या हातात देऊ नका, रूट करताना उरलंसुरलंही पुसलं जातं.

स्वतः कधी थांबायचं आणि कोणाकडे न्यायचं

कार्ड ओळखलंच जात नाही, फॉरमॅट करा म्हणतंय, रीडरमध्ये खूप तापतंय, किंवा कॉपी दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडकतेय, तर हा फाईलचा प्रॉब्लेम राहिला नाही, हार्डवेअरचा झाला. परत परत घालून बघू नका, डेटा रिकव्हरी लॅबकडे न्या. तसंच फाईल नीट कॉपी झाली, झिपमध्ये माल दिसला, दोन वेगवेगळ्या चांगल्या फाईल देऊनही `untrunc` पुढे जात नाही, तर हाताने हेक्समध्ये बसून करणारे लोक असतात, तिथे पैसे घालणं योग्य आहे. झिपमध्ये शून्यच निघाले असतील तर मात्र एक रुपयाही देऊ नका.

अपघाताचं, भांडणाचं, चोरीचं रेकॉर्डिंग असेल आणि ते पोलिसांत किंवा कोर्टात लागण्याची शक्यता असेल, तर वरचं काहीच करू नका, कार्ड परत कॅमेऱ्यात घालणंही नाही. कार्ड काढा, पाकिटात घाला, वकिलांना विचारा. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यूही येते, म्हणजे फाईल जराशी बदलली तरी बदलणारा तिचा आकडा, आणि दुरुस्त केलेली फाईल ही मूळ फाईल नसते, त्यामुळे आधी मूळ जसंच्या तसं जपलेलं लागतं.

लॅबवाल्याला देताना मूळ कार्ड किंवा न बदललेली फाईल द्या, तुम्ही केलेली `_fixed` नाही. सोबत त्याच उपकरणाची दोन-तीन मिनिटांची चांगली फाईल द्या, सेटिंग लिहून द्या, वरच्या हिशोबाने किती मिनिटं अपेक्षित आहेत तेही लिहा. आणि पैसे द्यायच्या आधी तुमच्याच फाईलमधला मधला एखादा मिनिट आवाजासकट दाखवायला सांगा, सुरुवातीचा नाही, कारण पहिले काही सेकंद कसेही निघतात. ऑनलाइन दुरुस्तीच्या साइटवर घरगुती व्हिडिओ चढवायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, मी बायकांचे, मुलांचे कार्यक्रम असले तर चढवत नाही, बहुतेक वेळा तिथेही मागे हेच काम होतं जे तुमच्या कॉम्प्युटरवर फुकट होतं.